अडकलं तर कुणाच्या लक्षात येतं?

नोकरी लावून देणाऱ्यांच्या मेसेजची मला चीड आहे. आठवड्याला चार तरी येतात. 'डियर कँडिडेट, तुमचं प्रोफाइल आम्हाला फार आवडलं' अशी सुरुवात असते आणि खाली काम निघतं वेबसाइट बनवण्याचं. मी यंत्रांच्या पोटातला प्रोग्रॅम लिहितो. ज्या चिपवर तो चालतो ती करंगळीच्या नखावर मावते. वेबसाइटशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. एकाने तर मला ड्रायव्हरची नोकरी देऊ केली होती, कारण प्रोफाइलमध्ये मी 'ड्रायव्हर लिहितो' असं म्हटलं होतं. आमचा ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारा प्रोग्रॅम. असल्या मेसेजना मी उत्तर देत नाही.

त्या शनिवारी सकाळी साडेदहाला करुणा नावाच्या बाईचा मेसेज आला तेव्हा मी कंपनीत एकटाच होतो. रांजणगाव एमआयडीसीतली आमची कंपनी म्हणजे एक शेड, वर दोन खोल्या आणि चौदा माणसं. आम्ही बेबी वॉर्मर बनवतो. कमी वजनाचं किंवा गारठलेलं बाळ ज्या छोट्या पलंगावर ठेवतात आणि वरून हीटर त्याला ऊब देतो, ते यंत्र. बाळाच्या पोटावर एक प्रोब चिकटवलेला असतो, तो तापमान सांगतो आणि त्यावरून हीटर कमी-जास्त होतो. हे कमी-जास्त करणारा प्रोग्रॅम माझा. मी राहतो शेजारीच, कारेगावात, आणि सुट्टीच्या दिवशी घरी कंटाळा आला की कंपनीत येऊन बसतो.

मेसेज मराठीत होता. तिथेच मी थबकलो.

'नमस्कार धम्मदीप सर. मी करुणा. दौंडला राहते, घरून काम करते. तुमच्यासारखी माणसं शोधून कंपन्यांशी गाठ घालून देणं हे माझं काम. त्याआधी तीन वर्षं एका टेस्टिंग लॅबमध्ये बोर्ड तपासत होते, त्यामुळे थोडं कळतं. सगळं कळतं असं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका फोरमवर कुणीतरी विचारलं होतं, सेन्सर डेटाची तार अडवून बसला तर काय करायचं? बाकी सगळ्यांनी सांगितलं, बंद करून चालू करा. तुम्ही लिहिलंत, क्लॉकचे नऊ ठोके द्या, तो तार सोडेल. आणि शेवटी एक ओळ लिहिलीत: "पण आधी हे सांगा, अडकलं तर कुणाच्या लक्षात येतं?" त्या ओळीमुळे तुम्हाला लिहिते आहे.

काम रेल्वेच्या अ‍ॅक्सल काउंटरचं आहे. रुळाच्या एका तुकड्यात किती चाकं शिरली, किती बाहेर पडली ते मोजायचं. जरा शंका आली की "गाडी आत आहे" असंच म्हणायचं. दोन प्रोसेसर एकमेकांना तपासतात. टीम पाच जणांची. निम्मं काम कागदावरचं आहे, ते लपवत नाही. पगार खाली लिहिला आहे, तोही लपवत नाही.

एकच विचारते. तुमच्या आत्ताच्या यंत्रात वॉचडॉगला "मी जागा आहे" असं कोण सांगतं? सगळी कामं उरकल्यावर मुख्य लूप, की टायमर? परीक्षा घेत नाही. लॅबमध्ये मी पाहिलेल्या दर दहा बोर्डांत चारांचं उत्तर चुकीचं निघायचं, आणि लिहिणारे चारही जण हुशार असायचे. माझे वडील भिमाजी दौंडला सिग्नल मेंटेनर होते. ते म्हणतात, सिग्नल हिरवा कसा होतो ते कुणीही सांगंल. तार तुटल्यावर तो लाल होतो का, ते आधी बघ.'

खाली मोबाइल नंबर होता.

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी उठून चहा करून आणला. बारा वर्षं हे काम करतोय. बायकोला, भावाला, आमच्या मालकालासुद्धा मी नेमकं काय करतो ते आजवर सांगता आलेलं नाही. आणि इथे दौंडच्या कुणा बाईने मी कधीतरी लिहिलेली एक ओळ उचलून धरली होती.

वॉचडॉग म्हणजे चिपमधला राखणदार. प्रोग्रॅमने त्याला दर सेकंदाला 'मी जागा आहे' असं सांगायचं. नाही सांगितलं तर तो समजतो की हा कुठेतरी अडकला, आणि सगळं यंत्र नव्याने सुरू करतो. आमच्या वॉर्मरमध्ये नव्याने सुरू होताना हीटर आधी बंद होतो. म्हणजे सुरक्षित. मात्र 'जागा आहे' हे सांगायचं मुख्य प्रोग्रॅमनेच, म्हणजे सारख्या फिरत राहणाऱ्या मुख्य लूपने, आणि तेही सगळी कामं झाल्यावर. टायमरकडून सांगवून घेतलं तर काही उपयोग नाही, कारण टायमर वेगळाच चालतो. मुख्य प्रोग्रॅम मेला तरी तो टिकटिकत राहतो. एमआयडीसीतल्या कुठल्याही माणसाला हे एका वाक्यात कळेल: कामगार घरी झोपलाय आणि दोस्त रोज त्याचं कार्ड पंच करतोय.

मी ऐटीत उत्तर टाइप केलं. 'अर्थात मुख्य लूप. टायमरमधून करणं हा गाढवपणा आहे.' पाठवायच्या आधी म्हटलं, नेमकी ओळ बघून तिचा नंबरही देऊ. बाईंना बरं वाटेल.

फाइल उघडली. मुख्य लूपमध्ये ती ओळ नव्हती.

शोधली. टायमरमध्ये होती. तिच्या शेजारी माझ्याच हातची टीप: 'तात्पुरतं. डेमोनंतर परत जागेवर नेणे.' तारीख तीन वर्षांपूर्वीची.

मग सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी शिरूरच्या एका हॉस्पिटलात डेमो होता. सेटिंग साठवताना प्रोग्रॅमला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत होता आणि दर वेळी वॉचडॉग यंत्र रिसेट करत होता. रविराज सर, म्हणजे आमचे मालक, डोक्यावर उभे होते. 'उद्या असं बंद पडलं तर आपलं दुकान बंद.' मी ती ओळ उचलून टायमरमध्ये टाकली. रिसेट थांबले. डेमो झाला, ऑर्डर मिळाली, पेढे वाटले. ती ओळ परत जागेवर न्यायचं राहून गेलं. फोरमवर शहाणपणाचं उत्तर लिहिलं ते त्यानंतर वर्षभराने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी स्वतःची समजूत घातली. लूप अडकलाच नाही तर काय बिघडतं? मग प्रोब वाचणारा भाग उघडला. प्रोबचं तापमान एक छोटी चिप दोन तारांवरून पाठवते, एक डेटाची आणि दुसरी ठोके देणारी, क्लॉकची. ती उत्तर देईपर्यंत माझा प्रोग्रॅम थांबतो. किती वेळ थांबतो? त्याला मर्यादाच घातलेली नव्हती. तिने डेटाची तार धरून ठेवली तर तो जन्मभर थांबणार. नऊ ठोके देणारा भाग या यंत्रात मी घातलाच नव्हता.

टेबलावर एक वॉर्मर टेस्टिंगसाठी उभाच असतो. मी तो चालू केला, गारठलेल्या बाळासारखा गार प्रोब लावला. सेटिंग सदतीसचं, त्यामुळे हीटर फुल झाला. आकडा चढत चढत छत्तीस पॉइंट पाचला आला, तेव्हा मी चिमट्याने डेटाची तार अर्थच्या तारेला टेकवली. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. चिपने ती धरली ती सोडलीच नाही.

आकडा थांबला. ३६.५. विझला नाही, थरथरला नाही, कारण आकडे उजळवत ठेवण्याचं काम टायमर करतो. हीटरला जी शेवटची आज्ञा मिळाली होती तीच चालू राहिली. त्यालाही वेगळं सर्किट आहे, प्रोग्रॅम मेल्याचं त्याला कळत नाही. अलार्म वाजला नाही. अलार्म वाजवणारा मुख्य प्रोग्रॅमच अडकलेला. फुल हीटर पंधरा मिनिटांनी बंद करायचा नियम आहे, तोही मुख्य प्रोग्रॅममध्येच. हीटरच्या मागे फार तापल्यावर वीज तोडणारा एक वेगळा कट-आउट असतो, पण तो पत्रा पेटू नये म्हणून. बाळाची कातडी त्याला दिसत नाही.

मी गादीवर हात ठेवला. पाच मिनिटांनी काढून घ्यावा लागला. आकडा शांतपणे सांगत होता, ३६.५.

अशी अकरा यंत्रं बाहेर होती.

रविराज सरांना फोन लावला. ते शिरूरला, शेतावर होते. शांत डोक्याचा माणूस. मी धडाधड सांगितलं. ते म्हणाले, "तू चिमटा लावलास म्हणून झालं ना? हॉस्पिटलात कोण चिमटा लावतंय?"

"सर, लाइट जाऊन जनरेटरवर येताना झटका बसतो. तेवढ्यानंही होऊ शकतं."

"तीन वर्षांत झालंय का?"

"रजिस्टर बघून सांगतो, सर."

"सोमवारी बसू. तोवर कुणाला फोनबिन करू नकोस. लायसन्सचा प्रश्न हाय बाबा, चौदा घरं चालत्यात यावर." घाबरले की ते गावाकडचं बोलतात. तेवढ्यावरून कळलं की त्यांनाही कळलंय.

मी सर्व्हिसचं रजिस्टर काढलं. अकरापैकी एका यंत्राच्या तीन तक्रारी. दौंडचं एक छोटं मॅटर्निटी हॉस्पिटल. 'आकडा हलत नाही. बंद-चालू केल्यावर ठीक.' तिन्ही वेळा आमच्या माणसाने प्रोब बदलला आणि पुढे लिहिलं, 'प्रोब सैल. सिस्टरना वापर समजावून सांगितला.' खाली तपासणाऱ्याची सही होती. माझी.

हॉस्पिटलचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मोबाइल नंबर डॉक्टरांचा होता, तो बंद. शनिवारी सकाळी ऑपरेशन असतात, हे नंतर कळलं. मला तेव्हा एकच दिसत होतं: पलंग, वर तांबडा हीटर, आणि खाली काहीतरी जे बोलू शकत नाही. कंपनीतून न्हावऱ्यावरून दौंड, कितीही पळवली तरी गाडीने सव्वा तास.

दौंडमध्ये मी फक्त एका माणसाला ओळखत होतो, आणि तेही पाऊण तासापासून. नंबर लावला.

"धम्मदीप सर! इतक्या लवकर..."

"मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टायमर आहे."

ती म्हणाली, "कसलं यंत्र आहे?"

"बेबी वॉर्मर. एक तुमच्या दौंडला आहे. हॉस्पिटल फोन उचलत नाही."

दुसऱ्या कुणालाही मला दहा मिनिटं समजवावं लागलं असतं. तिने फक्त हॉस्पिटलचं नाव विचारलं आणि म्हणाली, "फोन ठेवू नका. स्कूटीची चावी घेते."

फोन तिच्या पर्समध्ये होता. मला स्कूटी ऐकू येत होती, हॉर्न, कुठेतरी गाडीची शिट्टी, एक टेम्पोवाला तिला शिव्या देत होता. मी कंपनीच्या खोलीत उभा, समोर टेबलावरचा वॉर्मर अजून ३६.५ दाखवतोय. तो बंद करायचंही मला सुचलं नव्हतं.

मग जिना चढल्याचा आवाज आणि एका म्हाताऱ्या बाईचा. "कोन पायजे? आत जाऊ नका, सिस्टर वरडंल."

"आजी, आत मशीनवर बाळ आहे का?"

"हाय की. माझा नातू. सकाळी नवाला झाला. बारकाय, दोन किलोबी न्हाई."

करुणा फोनवर म्हणाली, "आहे, सर. बाळ आहे. मी आत आले."

"आकडा?"

"छत्तीस पॉइंट पाच."

"मिनिटभर बघा. हलतोय का? खरा असेल तर पॉइंटचा आकडा इकडेतिकडे होतो."

ते मिनिट मी कधी विसरणार नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. आजी मागे विचारत होती, "काय झालंय बाई? काय झालंय?"

"हलत नाही," करुणा म्हणाली.

"डावीकडचं निळं बटण दाबा. टुक् आवाज यायला पाहिजे."

"दाबलं."

"आला?"

"नाही."

"पुन्हा."

"सर, नाही येत. बटण मेलेलं आहे."

बटण मुख्य प्रोग्रॅम वाचतो. मी ओरडलोच, "मागे पांढरा स्विच आहे, तो बंद करा!"

तिने केला नाही. नंतर ती मला म्हणाली, 'माझा हात तिथपर्यंत गेला, पण दुसऱ्याचं एका दिवसाचंसुद्धा नसलेलं लेकरू, आणि मी कोण?' तेवढ्यात दार आपटलं आणि एक खणखणीत आवाज आला.

"ए, कोन तू? मशीनला हात लावू नगं!"

"सिस्टर, मशीन अडकलंय. बनवणारे फोनवर आहेत. बाळाला हात लावून बघा, आकड्याकडे बघू नका!"

मी फोनवर किंचाळत होतो, पण ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. मग तोच आवाज, आता अगदी हळू.

"तापलंय. आगं आई, तव्यासारखं तापलंय."

स्विचचा खटका मला फोनमधून ऐकू आला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काखेतलं तापमान एकोणचाळीसला टेकलं होतं. जनरेटरवर लाइट आली ती पावणेअकराला, म्हणजे जवळजवळ पाऊण तास यंत्र मेलेलं आणि हीटर जोरात. बाळाला उघडं करून खोलीच्या हवेवर ठेवलं, डॉक्टर ऑपरेशन संपवून धावत आले. अर्ध्या तासाने अडतीसच्या खाली आलं. बाळ रडलं. ते रडणं करुणाने फोन पुढे धरून मला ऐकवलं आणि मीही रडलो, एकटाच, चौदा माणसांच्या रिकाम्या शेडमध्ये. माझ्याकडे रुमाल नव्हता, टेबल पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं.

मग मी बसून उरलेल्या दहा हॉस्पिटलांना मेसेज लिहिला. 'वॉर्मर ताबडतोब बंद करा. प्रोग्रॅममध्ये दोष आहे. दोष माझा आहे.' खाली पूर्ण नाव आणि नंबर. रविराज सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि कदाचित मी ऐकलंही असतं, इतका मी तेव्हा घाबरलो होतो. एकेकाला फोन करून खात्री केली. दहावा उचलेपर्यंत साडेबारा वाजून गेले. मग मोटारसायकल काढली.

न्हावऱ्याच्या अलीकडे सरांचा फोन आला. "कुणाला इचारून पाठवलंस?" मी म्हटलं, "सर, दौंडला पोर भाजत होतं." ते म्हणाले, "मी येतो मागून," आणि ठेवला. ते मला कामावरून काढायला येत होते की मदतीला, ते मला कळलं नाही.

हॉस्पिटलच्या जिन्यात करुणा भेटली. माझ्याच वयाची, केस वर बांधलेले, पायात घरातल्या स्लिपर. बाळ आता आईच्या छातीशी होतं, दोघांवर एकच चादर. आजी, तिचं नाव झुंबरबाई, मला बघून हात जोडायला लागली, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की फोनवरचे साहेब ते हेच, यांनी वाचवलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

चांगुणा सिस्टर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओळ, डेमो, टायमर, तीन वर्षं, रजिस्टरवरची सही. मला वाटलं त्या थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "म्हंजी मार्चमधलंबी हेच व्हतं?"

"मार्चमध्ये काय?"

"मोनालीचं पोरगं. रेल्वे कॉलनीतली. असंच बारकं. ताप चढला, समद्यांनी म्हनलं इन्फेक्शन. पुण्याला न्यावं लागलं, बारा दिस काचंच्या पेटीत व्हतं. माझ्यावर मेमो निघाला, लक्ष दिलं न्हाई म्हून." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मी लक्ष दिलं व्हतं, साहेब. दर दहा मिन्टाला बघत व्हते. आकडाच बघत व्हते."

"पोरगं?"

"हाय. बरं हाय आता. पन तिची आई मला रस्त्यात दिसली की तोंड फिरवती."

मी हॉस्पिटलचा कागद मागून घेतला आणि तिथेच स्टुलाशेजारी उभं राहून लिहिलं की मार्चच्या घटनेतही हाच दोष असण्याची दाट शक्यता आहे, सिस्टरांची यात काहीही चूक नाही, तीन वेळा तक्रार करूनही ती आम्ही उडवून लावली. सही केली, तारीख घातली. अक्षर वाईट आलं. सिस्टरांनी कागद दोनदा वाचला.

"हे डॉक्टरला दावते," त्या म्हणाल्या. "मेमोचं बघतील ते. पन मोनालीला कागद नगा देऊ. तिला तुमी सोता सांगा. आत्ताच जावा."

यंत्र बंद करणं वेगळं, हॉस्पिटलला कागद देणं वेगळं. ज्या आईचं मूल माझ्या एका ओळीपायी बारा दिवस काचेत होतं, तिच्यासमोर कसं उभं राहायचं? मी करुणाकडे बघितलं. ती म्हणाली, "घर मला माहीत आहे. आमच्या जुन्या क्वार्टरच्या मागची लाइन. दाखवते, पण बोलायचं तुम्ही."

रेल्वे कॉलनीच्या त्या लाइनीत दुपारचं कुणी नव्हतं. करुणा फाटकाशी थांबली. मी दोनदा हात वर केला आणि तिसऱ्यांदा कडी वाजवली. दार उघडलं ते पंचविशीच्या एका बाईने, कडेवर सहा-सात महिन्यांचं गुटगुटीत पोरगं. माझी वाट बघत असल्यासारखं ते माझ्याकडे बघत होतं.

"मी धम्मदीप. तुमच्या मुलाला ज्या मशीनवर ठेवलं होतं, त्याचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. तो चुकलेला होता. त्याला ताप इन्फेक्शनचा नव्हता बहुतेक. मशीन अडकलं होतं आणि जुनाच आकडा दाखवत होतं. सिस्टरांची चूक नाही. माझी आहे."

एवढं मी एका दमात बोललो आणि खाली बघत राहिलो. पोलीस, शिव्या, शेजारी गोळा होणं, सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. तिच्या पायातली जोडवी दिसत होती. ती हलली नाहीत.

"थांबा," ती म्हणाली. "जुना आकडा म्हंजी?"

"म्हणजे बाळ तापलं तरी ते छत्तीस पॉइंट पाचच सांगत होतं."

"मी त्याला हात लावला व्हता," ती म्हणाली. "त्या दिवशी. मला गरम लागलं. मी सिस्टरला म्हनले, पोर तापलंय. त्या म्हनल्या, आकडा बघ, साडेछत्तीस हाय, तुझा हातच गार असंल. मी आकडा बघितला. आन् गप बसले. तास गेला तसाच." तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "समदी म्हनत्यात सिस्टरनं लक्ष दिलं न्हाई. मला तर म्हाईत हाय ना. मला कळलं व्हतं आन् मी गप बसले. तवापासनं मी रातच्याला उठून धा धा बारी ह्याला हात लावते. आन् माझ्या हातावर माझाच इस्वास बसत न्हाई."

मी वर बघितलं. ती मला शिव्या देणार नव्हती. ती मला काहीतरी विचारत होती आणि उत्तराला भीत होती, मी दारात उभा राहून भीत होतो त्याहून जास्त.

"मंग त्या दिवशी," मोनाली म्हणाली, "माझा हात खरा व्हता?"

"हो," मी म्हणालो. "खोलीत तेवढाच खरा होता."